पाच लाख श्रोते कुठून आले?

रेडिओ निवेदकाचा बायोडेटा हातात आला की मी आधी श्रोतृसंख्येची ओळ शोधते. सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो.

समजा, तालुक्याच्या गावी कम्युनिटी रेडिओवर तीन वर्षं सकाळचा कार्यक्रम करणारी एक मुलगी पुण्यातल्या खासगी एफएमसाठी अर्ज करते आहे. तिनं लिहिलंय, ‘श्रोते : पाच लाख’. कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर लहान असतो, आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो. त्या टापूतली सगळी माणसं तिनं मोजली, अगदी पाळण्यातली बाळंसुद्धा. पण आवाज घरापर्यंत पोचणं वेगळं आणि घरात रेडिओ लागणं वेगळं. मुलाखत घेणाऱ्याला हा फरक पक्का ठाऊक असतो, आणि मग बाकीच्या खऱ्या कामावरही त्याचा विश्वास बसत नाही.

महानगरांत काही निवडक श्रोत्यांना डायरी देऊन कोणतं स्टेशन किती वेळ ऐकलं याची नोंद घेतली जाई. तिच्या गावात तसलं काही नाही, पण स्टुडिओत फोन आणि मेसेजची वही आहे. ती उघडून तिनं लिहावं : ‘मार्च ते मे, आठवड्याला सरासरी ९० मेसेज, त्यात ३५ वेगवेगळे नंबर.’ वेगवेगळे नंबर महत्त्वाचे, कारण रोज न चुकता फोन करणारी तीच दहा माणसं प्रत्येक निवेदकाकडे असतात. पस्तीस हा आकडा छोटा दिसतो, पण तो तपासता येतो.

कार्यक्रमाच्या नावापुढेही असाच नेमकेपणा हवा. ‘सोमवार ते शनिवार, सकाळी ७ ते ९, तासाला चार लिंक, सगळ्या स्वतः लिहिलेल्या’ असं म्हटलं की आठवड्याला ४८ लिंक लिहिण्याचा सराव समोर दिसतो. लिंक म्हणजे दोन गाण्यांमधलं निवेदन. लाइव्हबद्दल कन्सोल स्वतः हाताळलं की शेजारी तंत्रज्ञ होता, हे सांगावं. पाहुणा ऐनवेळी आला नाही आणि वीस मिनिटं फोन घेत निभावली, अशी एखादी खरी सकाळ दोन ओळींत यावी.

प्रायोजकांच्या बाबतीत श्रेय वाटून लिहिलेलं मला आवडतं. ‘बियाण्यांच्या दुकानासाठी ४० सेकंदांची जाहिरात. ग्राहक विक्री विभागानं आणला, मजकूर आणि आवाज माझा. करार दोनदा वाढला.’ दुकानदारानं पुन्हा पैसे मोजले, यातच सगळं आलं.

शेवटी ऑडिओची लिंक. तीन मिनिटं पुरेत, गाणी कापलेली. सुरुवातीला स्टेशनची धून वाजवत बसू नये, पहिल्या दहा सेकंदांत तिचा आवाज ऐकू यायला हवा.