९८ गुणिले ९७, आणि मध्ये दहा सेकंद

तोंडी हिशेबाच्या व्हिडिओंमध्ये शंभराजवळच्या संख्यांचा गुणाकार हमखास असतो. भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली निघालेल्या पुस्तकामुळे ही युक्ती ‘वैदिक गणित’ म्हणून गाजली, पण तिच्यामागे आहे शाळेतलंच बीजगणित. ९८ गुणिले ९७ घ्या. शंभरला ९८ दोनाने कमी, ९७ तीनाने कमी. पडद्यावर हे २ आणि ३ त्यांच्या शेजारी येतात. मग तिरका बाण सरकतो: ९८ मधून ३ गेले, राहिले ९५. शेवटी बे त्रिक सहा. उत्तर ९५०६.

बहुतेक व्हिडिओ हे सगळं सोडवून झाल्यावर ‘आता तुम्ही करा’ म्हणतात. तोवर मूल नुसतं बघत असतं. खरी थांबायची जागा ९५ आल्यावर आहे. तिथे शिक्षकांचा आवाज थांबावा, मागचं संगीतही बंद व्हावं आणि दहा सेकंद उत्तराची जागा रिकामी राहावी. पुष्कळ मुलं इथे ९५६ लिहून मोकळी होतात. शंभराच्या आसपासच्या दोन संख्यांचा गुणाकार दहा हजारांच्या जवळपास हवा, हे पडताळायला त्यांना तेवढा वेळ मिळालाच पाहिजे. मग पडद्यावर ९५ च्या पुढे दोन रिकाम्या चौकटी दिसतात, ६ उजवीकडच्या चौकटीत जाऊन बसतो आणि डावीकडे शून्य का येतं ते न सांगताच कळतं.

त्यानंतर कारण. शंभर बाय शंभरचा चौरस दाखवायचा, त्यात दहा हजार घरं. वरून दोन ओळी कापल्या, २०० घरं गेली. बाजूने तीन स्तंभ कापले, ३०० गेली. पण कोपऱ्यातली सहा घरं दोन्हींत मोजली गेली, म्हणून ती एकदा परत द्यायची: ९५०० अधिक ६. फळ्यावर हे खोडून-खोडून दाखवताना शिक्षकाची दमछाक होते. अ‍ॅनिमेशनचा पैसा इथे वसूल होतो.

पुढचं उदाहरण ८८ गुणिले ८७ असावं. कमी १२ आणि १३. ८८ मधून १३ गेले, ७५. बारा तेरी १५६, आणि चौकटी तर दोनच. इथे पुन्हा थांबायचं. ५६ चौकटींत राहतात, १ हातचा म्हणून ७५ मध्ये मिळतो, उत्तर ७६५६.

आणि ६२ गुणिले ५७? युक्तीने गेलात तर ३८ गुणिले ४३ हाती येतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यापेक्षा ६० गुणिले ५७, ३४२०, त्यात ५७ ची दुप्पट, ११४, झाले ३५३४. या गणिताला विराम सुरुवातीलाच द्यावा आणि पडद्यावर एवढंच विचारावं: कोणत्या वाटेने जाल?