पहिल्या सरीनंतरची खरखर

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जिथे तांब्याच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड आहे, तिथे या चार महिन्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होते. मे महिन्यात सुरळीत चालणारं इंटरनेट पहिल्या मोठ्या सरीनंतर तुटायला लागतं, आणि फोन उचलला की कानात खरखर येते. दुपारी ऊन पडलं की सगळं ठीक होतं. लाइनमन येतो तेव्हा दोष सापडत नाही, तो गेल्यावर रात्री पुन्हा पाऊस येतो आणि मोडेमचा दिवा लुकलुकू लागतो.

हा दोष गूढ नाही. तारेचा प्रवास पाहिला की तो कुठे लपलेला असतो ते कळतं.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निघणारी तार जमिनीखालच्या जाड केबलमधून येते. या केबलमध्ये अनेक जोड्या असतात आणि मधल्या पोकळीत पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली असते. ही केबल रस्त्याकडेच्या पिलरमधून पुढे जाऊन खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या छोट्या डब्यात, म्हणजे डीपीत, उघडते. तिथून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा लोंबत्या ड्रॉप वायरचा. या टप्प्याला जेलीचं संरक्षण नसतं. ऊन, वारा, माडाच्या झावळ्या आणि पाऊस यांच्या तावडीत सापडते ती हीच तार. डीपीचं झाकण तुटलेलं असलं किंवा वायरी आत घ्यायला डब्याच्या वरच्या बाजूला भोक पाडलेलं असलं, की पाणी थेट टर्मिनलवर उतरतं. डब्यात मुंग्यांचं वारूळ किंवा पालीचं बिऱ्हाड असेल तर त्यातली माती ओल धरून ठेवते आणि पाऊस थांबल्यावरही डबा आतून दमटच राहतो.

निव्वळ पावसाचं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण टर्मिनलवर धूळ असते आणि कोकणात हवेतलं मीठही असतं. ते विरघळलं की दोन तारांमध्ये गळतीची वाट तयार होते. एक्स्चेंजमधून या जोडीवर कायम 48 व्होल्टचा दाब असतो. हा दाब आणि खारट ओल मिळून तांबं हळूहळू खातात, आणि जोडावर हिरवट थर चढतो. पहिल्या वर्षी फक्त ओल बाधते, दोन-तीन पावसाळ्यांनंतर मात्र जोडच कच्चा होतो. मग कोरड्या दिवशीही तो मधूनमधून तुटतो.

आता प्रश्न पडतो, की याच तारेवर बोलणं बरं ऐकू येतं, मग इंटरनेटच का तुटतं? उत्तर तरंगांच्या कंप्रतेत आहे. माणसाच्या बोलण्यासाठी टेलिफोनला साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झपर्यंतची कंप्रता पुरते. एडीएसएल ब्रॉडबँड त्याच तारेवर त्याच्या कितीतरी वरच्या पट्ट्यात चालतं, आणि एडीएसएल 2 प्लस तर 22 लाख हर्ट्‌झपर्यंत जातं. ओलाव्याची झळ या वरच्या पट्ट्याला आधी लागते. वायरीवरच्या प्लास्टिकच्या तुलनेत पाणी विद्युतक्षेत्र कितीतरी जास्त साठवतं, त्यामुळे ओल्या जागी उंच कंप्रतेचा संदेश पुढे जाण्याऐवजी तिथेच खर्ची पडतो.

दुसरं कारण जास्त खोडसाळ आहे. दोन तारा एकमेकींना पीळ घालून बसवलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच आदळतो, आणि मोडेम फक्त दोन तारांमधला फरक वाचतो. म्हणून तो गोंगाट आपोआप वजा होतो. ओल एकाच तारेवर आली, एकाच तारेचा जोड सडला, की हा समतोल बिघडतो. मग शेजारच्या पंपाची मोटर, खराब झालेली ट्यूबलाइट, आकाशवाणीची मध्यम लहर असं सगळं तारेत शिरतं. मध्यम लहरीचा पट्टा नेमका ब्रॉडबँडच्या पट्ट्यात मधोमध येतो. या लहरी रात्री दूरवर पोचतात. दिवसभर तग धरणारी कच्ची लाइन दिवेलागणीनंतर तुटू लागते, त्यामागे बरेचदा हे असतं.

मोडेम हे सगळं मोजत असतो. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता, बहुतेक ठिकाणी `192.168.1.1`, टाकला की लाइनची स्थिती दाखवणारं पान मिळतं. त्यावर `SNR Margin` नावाचा एक आकडा असतो. गोंगाटाच्या वर मोडेमकडे किती डेसिबलची शिल्लक आहे, ते तो सांगतो. साधारण सहा डेसिबलवर लाइन टिकते, त्याखाली डळमळते, आणि शून्याकडे जाऊ लागली की तुटते. गोंगाटात बोलणारा माणूस जसा थांबत, सावकाश बोलतो, तसा मोडेमही पुन्हा जोडताना कमी वेग ठरवून घेतो. म्हणून पावसाळ्यात एकदा तुटून परत आलेलं इंटरनेट आधीपेक्षा मंद वाटतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीतलं घर आहे आणि एक्स्चेंजपासून तारेचं अंतर दोन किलोमीटर. मे महिन्यात पानावर `Line Attenuation` 28 आणि `SNR Margin` 13 दिसतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस लागून असताना, `SNR Margin` 4 वर येतं. फरक नऊ डेसिबलचा. प्रत्येक तीन डेसिबलला गोंगाट दुप्पट होतो, म्हणजे एकूण आठपट झाला. `CRC Errors` चा आकडा दर मिनिटाला वाढताना दिसतो. आणि फोन वाजला की इंटरनेट हमखास तुटतं.

यातली शेवटची खूण फार मोलाची आहे. घंटा वाजवण्यासाठी एक्स्चेंज तारेवर साधारण 75 व्होल्टचा दाब पाठवतं. धड असलेल्या जोडाला त्याने काही होत नाही. पण हिरवा थर चढलेला जोड या झटक्याने क्षणभर बदलतो, आणि मोडेमची पकड सुटते. म्हणजे पावसाआड सडका जोड आहे, हे घरबसल्या कळलं.

पुढची पायरी दोषाची जागा शोधण्याची. आधी घरातल्या समांतर जोडण्या सोडवून, बाहेरून वायर जिथे येते तिथेच एक साधा फोन आणि मोडेम लावायचा. खरखर थांबली तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये किंवा स्प्लिटरमध्ये. थांबली नाही तर लाइनमनचं काम. तो डीपीवर घराची ड्रॉप वायर सोडवतो आणि एक्स्चेंजकडून येणारी जोडी ऐकतो. इथे ती स्वच्छ निघाली, म्हणजे जमिनीखालची केबल बरी आहे. मग तो ड्रॉप वायरची दोन्ही टोकं मोकळी करून मेगरने इन्सुलेशन तपासतो. कोरडी, सुदृढ वायर कित्येक मेगाओहम दाखवते, आणि ही काही हजार ओहमवर आलेली असते. वायर नजरेखालून घातल्यावर मधोमध एक गाठ दिसते. मागे कधी फांदी पडून तार तुटली, ती पिळून जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. टेप उन्हात सुकून सुटली आणि आत पाणी शिरलं.

इथे नवी टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. पाणी वायरीच्या आत बारीक पोकळीतून पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे कापून चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे जावं लागतं. सगळ्यात चांगलं म्हणजे डीपीपासून घरापर्यंत एकसंध नवी वायर. जोड द्यावाच लागला तर जेली भरलेल्या कनेक्टरचा. वायरीने डब्यात खालून शिरावं, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली छोटा झोळ द्यावा. पागोळ्या तिथे टपकून जातात, भोकातून आत येत नाहीत. हे केल्यावर भर पावसातही `SNR Margin` 12 च्या आसपास राहिलं, तर काम झालं.

पाऊस आणि दोष यांच्यातलं अंतरही जागा सुचवतं. सर सुरू होताच बिघडून ऊन पडताच सुधारलं, तर उघडा डबा किंवा वरचा जोड. पाऊस नसताना नुसत्या वाऱ्याने तुटलं, तर सैल किंवा घासलेली वायर. पावसानंतर एखाद्या दिवसाने बिघाड येऊन आठवडाभर टिकला आणि शेजाऱ्यांनाही जाणवला, तर जमिनीखालच्या केबलचा जोड भरला आहे. एक विचित्र प्रकारही घडतो. फोन पूर्ण बंद, तरी इंटरनेट रखडत चालू. एक तार तुटली की बोलण्यासाठीचा प्रवाह थांबतो, पण उंच कंप्रतेचा संदेश तुटीवरून थोडाफार पलीकडे पोचतो. अशा वेळी मोडेम चालतोय म्हणून लाइन बरी आहे, असं समजू नये.

शहरांत आता बहुतेक ठिकाणी फायबर आला आहे. काचेतून प्रकाश जातो, त्यामुळे विजेची खरखर तिथे नाही. मात्र जोडपेटीत पाणी आणि चिखल गेला, वाऱ्याने केबल वाकली, तर प्रकाश क्षीण होतो आणि डब्यावर `LOS` चा लाल दिवा लागतो. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत दुसरीच तऱ्हा आढळते. फायबर गच्चीपर्यंत येतो, आणि तिथल्या स्विचपासून घरापर्यंत साधी लॅन केबल भिंतीवरून उतरते. घरात वापरायची ही केबल बाहेर उन्हात तडकते. तडीतून शिरलेलं पाणी आवरणाच्या आतून नळीतल्यासारखं खाली उतरतं आणि थेट राउटरच्या सॉकेटपाशी पोचतं. गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून जोडणी अचानक 100 वर अडकली, तर एखादी जोडी गेली असं समजून बाहेर वापरायच्या काळ्या आवरणाची नवी केबल मागावी.

खांबावर स्वतः चढणं किंवा डीपी उघडणं मात्र टाळावं. अनेक गावांत विजेच्या तारा त्याच खांबावरून जातात, आणि ओल्या हाताला घंटेचा 75 व्होल्टचा झटकाही पुरेसा असतो. विजा कडकडत असताना मोडेमची फोनकडची पिनही काढून ठेवावी.

तक्रार मात्र नेमकी असावी. "इंटरनेट चालत नाही" या नोंदीवर लाइनमन कोरड्या दुपारी येतो आणि लाइन ठीक पाहून जातो. त्याऐवजी पाऊस कधी लागला, लाइन किती वेळात तुटली, त्या वेळी `SNR Margin` किती होतं आणि उघडीप असताना किती असतं, फोन वाजल्यावर तुटते का, हे चार मुद्दे तारखेसह लिहून द्यावेत. पडद्याचा फोटो जोडावा. डीपीचं झाकण नसेल तर तेही तक्रारीत लिहावं, शक्यतो मे महिन्यातच, जोड कोरडे असताना.