बाजार खवळला की हिस्सा कमी

निफ्टीत किती पैसे ठेवायचे, हे बाजाराच्या चढउतारावरून ठरवण्याची एक पद्धत आहे. आधी आपल्याला झेपेल असा वार्षिक चढउतार ठरवायचा. समजा, 12 टक्के. मग गेल्या वीसेक दिवसांतल्या रोजच्या हालचालींचे प्रमाण विचलन काढून त्याला 16ने गुणायचे, कारण वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे 250 असतात आणि त्याचे वर्गमूळ 16च्या आसपास येते. ठरवलेल्या आकड्याला या आकड्याने भागले की शेअरमधला हिस्सा मिळतो.

दहा लाखांचे उदाहरण घेऊ. रोजचे विचलन पाऊण टक्का असेल तर वार्षिक 12 होते आणि सगळे पैसे निफ्टीत राहतात. ते 3 टक्क्यांवर गेले तर वार्षिक 48, म्हणजे निफ्टीत फक्त अडीच लाख. अर्ध्या टक्क्यावर आले तर हिशेब पंधरा लाख सांगतो. वरचे पाच लाख उसने किंवा फ्युचर्समधून आणावे लागतात. सामान्य माणसाने इथे शंभर टक्क्यांची मर्यादा घालावी, असे मला ठामपणे वाटते.

मोजमाप मागचे असल्याने पहिला तडाखा पूर्ण बसतो. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी सुमारे 13 टक्के कोसळला, तेव्हा आधीच्या खळबळीमुळे हिस्सा कमी झालेला असे. पण 7 एप्रिलला तो जवळपास 9 टक्के उसळला, तेव्हाही हिस्सा तितकाच लहान होता.