पाचव्या मात्रेवर

येत्या विजयादशमीपासून आमच्या कथकच्या वर्गात नवशिक्यांची बॅच सुरू होते आहे. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. मुलामुलींची वेळ संध्याकाळची, मोठ्यांची सकाळी ऑफिसला जायच्या आधीची. ‘ताई, आता या वयात जमेल का हो?’ असं विचारायला दर वर्षी कुणी ना कुणी येतं. त्यांना तोंडी धीर देण्यापेक्षा पहिल्या दोन-तीन महिन्यांत वर्गात काय चालतं ते सांगितलेलं बरं. मग ज्याचं त्याला ठरवता येतं.

पहिल्या दिवशी पाय उचलायचाच नसतो. मांडी घालून बसायचं आणि हातावर तीनताल धरायचा. मात्रा १६, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर खाली, तिथे टाळी न देता हात उलटा करून बाजूला सोडायचा. सोबत तोंडाने बोल म्हणायचे: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. ही पढंत. लहान मुलं ती बेंबीच्या देठापासून म्हणतात. मोठ्यांचा आवाज निघत नाही, शेजारचा ऐकेल म्हणून ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. पण ज्याच्या तोंडात बोल बसले त्याच्या पायात ते लवकर उतरतात, हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे की पढंतीला मी सूट देत नाही.

मग उभं राहायचं. कथकमध्ये भरतनाट्यमसारखं गुडघ्यात वाकून बसायचं नसतं, पाय सरळ असतात. मात्र गुडघा ताठ आवळून धरायचा नाही. हात छातीसमोर, कोपरं खांद्याच्या रेषेत. पाऊल जमिनीपासून थोडंसंच उचलायचं आणि पूर्ण तळवा एकदम टेकवायचा. टाच आधी पडली तर ‘धप्’ असा बोजड आवाज येतो आणि चार दिवसांत टाच दुखायला लागते. चवडा आधी पडला तर आवाज फुटतो, एका ठोक्याचे दोन होतात. तळवा सपाट पडला की चटका दिल्यासारखा स्वच्छ आवाज येतो. डोळे मिटूनही मला कळतं कुणाचं काय चाललंय.

या सगळ्यात खरी गंमत पाचव्या मात्रेवर आहे. तत्कारात पहिल्या चार मात्रा उजवा, डावा, उजवा, डावा अशा पडतात. पुढच्या चार डाव्याने सुरू होतात: डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या मात्रेच्या ‘तत्’ला डावा पडला आणि पाचव्या मात्रेच्या ‘आ’ला पुन्हा डावाच पडायला हवा. आठव्यावर उजवा आला की नवव्यावर पुन्हा उजवा. प्रत्येक विभागाच्या सांध्यावर तोच पाय दोनदा.

कागदावर हे सोपं दिसतं. गेल्या बॅचमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. हिशेबाला पक्क्या, बोल तोंडपाठ, टाळी कधी चुकली नाही. पाय मात्र पाचव्यावर हटकून उजवा पडायचा. ‘मला माहितीये ताई, डावा हवाय. पण तो उचलतच नाही,’ त्या म्हणायच्या. यात दोष बुद्धीचा नव्हता, वजनाचा होता. चालताना आपण प्रत्येक पावलावर अंगाचं सगळं वजन टाकतो, म्हणून पुढचं पाऊल आपोआप दुसऱ्या पायाचं येतं. जन्मभराची ती सवय तत्कारात मोडावी लागते. चौथ्या मात्रेला डावा पाय नुसता आघात करतो, त्याच्यावर उभं राहायचं नसतं. वजन उजव्यावर राहिलं तरच डावा पुन्हा उचलता येतो.

मग आम्ही आख्खा तत्कार बाजूला ठेवला आणि फक्त सांधा धरला. उजव्यावर उभं राहून डाव्याने ‘तत् आ, तत् आ’. नंतर डाव्यावर उभं राहून उजव्याने ‘तत् ता, तत् ता’. ते अंगात मुरल्यावर तिसऱ्या मात्रेपासून सुरुवात: थेई तत् आ थेई. लय सेकंदाला एक मात्रा, त्याहून जलद नाही. महिना गेला असेल, एका सकाळी पाचव्यावर डावा पडला आणि त्या थांबल्याच. ‘पुढे चला,’ म्हटलं, ‘खाली येतेय!’

ही चूक कानाला कळत नाही, हा तिचा वाईट भाग. सोळा ही समसंख्या असल्यामुळे उजवा-डावा असं सरळ मारत गेलं तरी समेवर उजवाच येतो. ठोके तेवढेच, आवाज तोच. वर्षभर चुकीचा तत्कार करणारी व्यक्ती लेहऱ्याबरोबर अगदी तालात वाटू शकते. म्हणून सुरुवातीला मी आरशाचा भरवसा धरत नाही, त्यात डावं-उजवं आणखी गोंधळतं. मी तुमच्याकडे पाठ करून तत्कार करते, मग मागे येऊन फक्त पाचव्या मात्रेला पाय बघते.

घुंगरू लगेच देत नाही तेही यासाठीच. पायात शंभर घुंगरं वाजायला लागली की तळव्याचा फुटका आवाज त्यात झाकला जातो आणि नाचणाऱ्याला वाटतं, छान जमलं.

एकपट स्थिर झाली की दुगुन, म्हणजे तेवढ्याच वेळात दुप्पट आघात. पाऊल फार उंच उचलणारे इथे मागे पडतात, कारण वरून खाली यायला वेळच उरत नाही. मग पहिली तिहाई: ‘ता थेई थेई तत् ता’ हा पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा दम आणि तिसऱ्यांदा तुकडा. समेपासून सुरू केली तर शेवटचा ‘ता’ सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर येतो. यात चुकतो तो दम. उत्साहात तो गिळला जातो आणि माणूस समेच्या दोन मात्रा आधीच पोहोचून हसत उभा राहतो. तो किती लवकर पोहोचला त्यावरून त्याने किती दम गिळले ते कळतं. चक्कर, हस्तक, गतनिकास हे त्यानंतर, आणि परीक्षेचा विचार तर त्याहून पुढे.

आमच्या वर्गात फरशी आहे, लाकडी जमीन नाही. म्हणून जाड सतरंजी घालतो, तरी पहिले पंधरा दिवस पोटऱ्या भरून येतात. ते चालायचंच. गुडघ्याच्या आत कळ आली तर मात्र त्याच क्षणी थांबायचं आणि मला सांगायचं. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मी घेत नाही. त्यांना पाय आपटायला आवडतं, पण मात्रा धरून ठेवणं त्या वयात जड जातं.

पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांत कुणीतरी तत्कार केलेला असतो. आई शिकली आणि राहून गेलं, आजीला शिकायचं होतं आणि पाठवलं नाही, असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. त्यांनी मुलीला किंवा नातीला सोडायला यावं आणि दाराशी न थांबता सकाळच्या वर्गात स्वतःचंही नाव घालावं. पुरुषांनीही संकोच करू नये. कथकचे थोर गुरू बिंदादीन महाराज, शंभू महाराज, बिरजू महाराज हे पुरुषच होते.

पहिले दोन वर्ग नुसते बसून पाहिलेत तरी चालेल. येताना साधा सलवार-कुर्ता घाला, ओढणी कमरेला बांधता येईल अशी आणा, पाण्याची बाटली ठेवा. घुंगरू मात्र एवढ्यात विकत घेऊ नका.