पोटातले कावळे आणि क्रियापदांची परीक्षा

‘राधा बोलू लागली’ आणि ‘राधा बोलू इच्छिते’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दोन्हींत कर्ता राधा, दोन्हींत ‘बोलू’, फक्त शेवटचं क्रियापद वेगळं. शाळेतल्या व्याकरणाने पाहिलं तर रचना एकच दिसते. प्रत्यक्षात मात्र राधाचं या दोन वाक्यांतलं स्थान वेगळं आहे.

‘इच्छिणे’ला इच्छा करणारं कुणीतरी लागतंच. म्हणून दुसऱ्या वाक्यात राधा दोन कामं करते: इच्छा तिची आणि बोलणंही तिचंच. ‘लागणे’ मात्र राधाकडून काहीच मागत नाही. ते फक्त सांगतं की एक क्रिया सुरू झाली. राधा खरी ‘बोलणे’ची, वाक्यात ती वर येऊन ‘लागली’ची कर्ता झाल्यासारखी दिसते, एवढंच. भाषाशास्त्रात पहिल्या प्रकाराला ‘रेझिंग’ म्हणतात, म्हणजे कर्ता वर उचलला जाणं. दुसऱ्याला ‘कंट्रोल’ म्हणतात, कारण तिथे आतल्या क्रियेचा न दिसणारा कर्ता कोण हे वरचा कर्ता ठरवतो. पीटर रोझेनबॉम यांनी 1967च्या पुस्तकात इंग्रजीतल्या अशा रचनांची पद्धतशीर मांडणी केली, आणि तेव्हापासून वाक्यरचनेच्या अभ्यासात हा भेद पायाभूत मानला जातो.

भेद डोळ्यांना दिसत नसेल तर तो ओळखायचा कसा? ज्याला स्वतःचा अर्थच नाही असा कर्ता देऊन पाहायचा. इंग्रजीत पावसाच्या वाक्याला ‘इट’ हा नुसता जागा भरणारा कर्ता लागतो. ‘इट सीम्स टु बी रेनिंग’ चालतं, ‘इट ट्राइज टु रेन’ चालत नाही; प्रयत्न करायला कुणीतरी हवं आणि ‘इट’ म्हणजे कुणीच नाही. मराठीत असा भरतीचा कर्ता नाही, पण मुळात कर्ताच नसलेली क्रियापदं आहेत. ‘उजाडलं’ म्हटल्यावर कोण उजाडलं, असं कुणी विचारत नाही. आता ‘उजाडू लागलं’ म्हणा, सहज जमतं. ‘उजाडू इच्छितं’ म्हणा, वाक्य कोसळतं.

दुसरी परीक्षा वाक्प्रचारांची आहे आणि मला ती सर्वांत नेमकी वाटते. ‘पोटात कावळे ओरडणे’ म्हणजे कडकडून भूक लागणे. त्यातल्या कावळ्यांना वेगळा अर्थ नाही. अर्थ आहे तो ‘ओरडणे’सकट सगळ्या शब्दांना मिळून. ‘अकरा वाजले आणि पोटात कावळे ओरडू लागले’ या वाक्यात भूक शाबूत राहते. म्हणजे ‘कावळे’ अजूनही ‘ओरडणे’चेच आहेत, ‘लागले’ने त्यांना नवं काम दिलेलं नाही. पण ‘पोटात कावळे ओरडू इच्छितात’ म्हटलं, की भूक नाहीशी होते आणि पोटात शिरलेले, मनात इच्छा असलेले खरेखुरे पक्षी उरतात. पक्षी सजीव आहेत, इच्छा करू शकतात. तरीही वाक्प्रचार मोडतो. म्हणून ‘निर्जीव वस्तूला इच्छा नसते’ एवढ्यावर हा फरक निभावून नेता येत नाही.

मराठीकडे आणखी एक पुरावा आहे, तो विभक्तीचा. ‘राधाला गणित समजतं’ यातला ‘ला’ ‘समजणे’मुळे आला. ‘राधाला गणित समजू लागलं’ यात तो तसाच टिकतो; ‘लागणे’ कर्त्याच्या रूपात ढवळाढवळ करत नाही. ‘राधाला गणित समजू इच्छितं’ मात्र होत नाही. तिथे क्रियापद बदलून ‘राधा गणित समजून घेऊ इच्छिते’ असंच म्हणावं लागतं.

इथवर ‘लागणे’ निखळ रेझिंगचं वाटतं. पण ‘चालू लाग!’ ही आज्ञा आठवा. आज्ञा त्यालाच करता येते ज्याच्या हातात ती क्रिया आहे, आणि इथे सुरुवात करणंच ऐकणाऱ्यावर सोपवलेलं आहे. डेव्हिड पर्लमटर यांनी 1970च्या लेखात इंग्रजीतल्या ‘बिगिन’बद्दल हेच दाखवलं: पावसाच्या वाक्यात ते रेझिंगचं असतं, तर ‘काम सुरू कर’ अशा आज्ञेत कंट्रोलचं. ‘लागणे’ही तसंच दुहेरी आहे असं म्हणायचा मोह होतो. मात्र ‘हसू लाग!’ कानाला खटकतं. म्हणून ‘चालू लाग’ हा रूढ होऊन बसलेला प्रयोग असण्याचीही शक्यता आहे, आणि केवळ त्याच्या आधारावर मी ‘लागणे’चे दोन भाग करणार नाही.

‘पाहणे’चा दावा जास्त भक्कम आहे. ‘राधा बोलू पाहते’ यात राधाचा प्रयत्न आहे, तर ‘भिंत पडू पाहतेय’ यात भिंत पडायच्या बेतात आहे, इतकंच. आता ‘शकणे’ तुम्ही तपासा: ‘राधा पोहू शकते’ आणि ‘त्याचं बिंग कधीही फुटू शकतं’ ही दोन वाक्यं घ्या, आणि दुसऱ्यात वाक्प्रचाराचा अर्थ टिकतो का ते आधी पाहा.