ब्रुनोचा काजू कसा झाला

माझ्या धाकट्या बहिणीकडे कोथरूडला दोन महिन्यांचं पिल्लू आलं, तेव्हा त्याचं नाव ठरलेलंच होतं : ब्रुनो. भाच्याने ते शाळेतल्या मित्राच्या कुत्र्यावरून आणलं होतं. नाव दोन अक्षरी, सुटसुटीत, आजींनाही म्हणता येण्यासारखं. दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला. "ताई, याला हाक मारली की सोफ्याखाली जातो गं. आम्ही कोणीच कधी हात उगारलेला नाही."

मी पिल्लांना शिकवण्याचं काम करते. त्यांच्याकडे जाऊन तासभर नुसती ऐकत बसले आणि कारण सापडलं. चप्पल तोंडात घेतली की 'नो'. गालिच्यावर शू केली की 'नो, नो'. पडद्याला लोंबकळलं की 'ब्रुनो, नो!' पिल्लाला दिवसभरात जे 'नो' ऐकू येत होतं, त्यातलं निम्मं त्याच्या नावाचंच शेपूट होतं. आपल्याला 'ब्रुनो' आणि 'नो' हे दोन वेगळे शब्द वाटतात, कारण आपण ते लिहिलेले पाहिले आहेत. पिल्लाच्या कानाला मात्र दोन्हींच्या शेवटी तोच आवाज येतो, आणि त्या आवाजापाठोपाठ माणसाचा चढलेला सूर.

कुत्र्याचा कान तीक्ष्ण असतो, मग त्याला एवढा फरक कळू नये? कान तीक्ष्ण असतोच. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. पण आवाज ऐकू येणं वेगळं आणि शब्दातल्या एकेका अक्षराकडे लक्ष देणं वेगळं. बुडापेस्टच्या ओटव्होश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये घरगुती कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून हे तपासलं. ओळखीची कमांड आणि तिच्याशी अजिबात न जुळणारा निरर्थक शब्द ऐकवल्यावर मेंदूतले संकेत वेगळे दिसले. पण कमांडमधला एखादाच ध्वनी बदलून केलेला शब्द ऐकवला, तेव्हा तसा फरक दिसला नाही. म्हणजे कुत्रा शब्दाचा ढोबळ आकार पकडतो. बारकावे त्याला ऐकू येत असावेत, पण शब्द ओळखताना तो त्यांच्यावर विसंबत नाही.

म्हणून नाव निवडताना आधी घरातल्या कमांडची यादी करायची, नावांची नंतर. मराठी घरात ही यादी लांब निघते, कारण ती दोन भाषांत असते. बहिणीकडे मी सगळ्यांना विचारून लिहून काढली. भाचा 'सिट', 'स्टे', 'कम' म्हणायचा. बहीण आणि तिचा नवरा 'नो', 'बस', 'चल', 'सोड'. आजी 'नको', 'थांब', 'ये'. शिवाय शाबासकीचं 'गुड'. हाही कमांडसारखाच ठराविक अर्थाचा शब्द आहे, हे लोक विसरतात. गुड्डू हे नाव त्यामुळेच बाद होतं. कमी-जास्त याच कारणाने स्टेला 'स्टे'वर आपटते, किटू 'सिट'च्या फार जवळ येतो, बासू 'बस'ला चिकटतो आणि जोजो-मोमो पुन्हा 'नो'कडे जातात.

इथे आपल्या भाषेची एक सवयही आडवी येते. आपण नुसतं नाव घेत नाही, आधी 'ए' लावतो : 'ए मोत्या'. हा 'ए' आणि बोलावण्याचा 'ये' यांत पिल्लाला फारसा फरक कळत नाही. शेजारच्या खोलीतून सहज 'ए' म्हटलं की ते धावत येतं, आणि कोणी काही देत नाही म्हटल्यावर हळूहळू 'ये' ऐकूनही येईनासं होतं. बहिणीकडे आम्ही बोलावण्यासाठी 'इकडे' हा शब्द ठरवला आणि 'ये' सोडूनच दिला.

छोटं नाव हवं, हा सल्ला फार जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात शिकारीवर लिहिताना कुत्र्यांची नावं आखूड ठेवा म्हणजे हाक मारणं सोपं जातं, असं सांगून सत्तेचाळीस नावं दिली आहेत. माझ्या अनुभवात दोन अक्षरांचं नाव सगळ्यात सोयीचं. एकाच अक्षराचं नाव गडबडीत कमांडसारखं वाटतं. तीन-चार अक्षरांचं नाव घरात टिकत नाही. मार्तंडचा मार्त्या, मग मारू, मग नुसता बाळ होतो आणि पिल्लाच्या कानावर एका नावाऐवजी चार पडतात. सुरुवात क, ट, ड, प, ब अशा ठसठशीत व्यंजनाने व्हावी, म्हणजे टीव्ही चालू असतानाही हाक उठून येते. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषांत जनावरं हाकणाऱ्यांचे आवाज नोंदवले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : जनावराला हलवायचं असेल तर माणसं तुटक, परत परत येणारे आवाज काढतात आणि थांबवायचं असेल तर एकसलग लांब. हाक पहिल्या जातीची असायला हवी.

आम्ही नवं नाव शोधायला बसलो. 'भिडू' सगळ्यांना आवडलं होतं, पण खाली क्रिकेट खेळणारी मुलं दिवसभर एकमेकांना तेच म्हणतात. 'भुरू' रंगाला शोभत होतं, पण भाची अजून 'भुर्र जायचं' म्हणते आणि पट्टा काढताना सगळेच तिच्यासारखं बोलतात. मग आजी म्हणाल्या, "झोपल्यावर काजूसारखा दिसतो." आम्ही 'काजू' हे नाव प्रत्येक कमांडला जोडून मोठ्याने म्हणून पाहिलं : काजू सिट, काजू बस, काजू थांब. कुठेच अडखळलं नाही. भाच्याने गच्चीवरून खाली हाक मारून पाहिली, तीही स्पष्ट आली.

नाव बदललं तर पिल्लू गोंधळेल, अशी बहिणीला भीती होती. गोंधळत नाही, फक्त क्रम सांभाळावा लागतो. आधी नवं नाव, लगेच जुनं, मग खाऊ. नवं नाव पुढच्या ओळखीच्या आवाजाची वर्दी देतं, म्हणून ते पहिलं यायला हवं. उलट केलं तर पिल्लू जुन्यावरच वळतं आणि नवं कानावरून जातं. ब्रुनो हे नाव धास्तीचं झालेलं असल्यामुळे आम्ही ते दोनच दिवस, हळू आवाजात वापरलं आणि मग गाळलं. पुढे नुसतं 'काजू' एकदाच म्हणायचं, त्याने वळून पाहिलं की दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. एका वेळी पाच-सहा हाका, दिवसातून तीनदा. पाहिलं नाही तर पुन्हा हाक नाही. जवळ जाऊन चुटकी वाजवायची. आणि रागावताना नाव घ्यायचंच नाही. आजींना हे सगळ्यात जड गेलं, पण त्यांनी पाळलं.

नवव्या दिवशी तो बाल्कनीत कबुतरं बघत होता. बहिणीने खाऊ न दाखवता, साध्या सुरात हाक मारली. मान वळली, कान पुढे आले, शेपटी सैल. नाव बसल्याची हीच खूण. कान मागे जाणं, ओठ चाटणं किंवा नजर चुकवणं दिसलं असतं, तर नावाला अजून ओरडा चिकटलेला आहे असं समजले असते.

एक चूक मात्र आमच्या हातून राहिलीच. आमच्या यादीत 'बाजूला हो' नव्हतं. स्वयंपाकघरात आजी दिवसातून वीस वेळा ते म्हणतात, आणि 'बाजू' ऐकलं की काजू बाजूला व्हायचं सोडून थेट त्यांच्या पायात येऊन उभा राहायचा, तोंड वर करून. नाव पुन्हा बदलण्यात अर्थ नव्हता. आता आजी 'सरक' म्हणतात.