‘साइन अप’ की ‘लर्न मोअर’?

डिसेंबर 2007. बराक ओबामा यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर येणाऱ्यांनी आपला ईमेल नोंदवून जावा, एवढीच अपेक्षा होती. डॅन सिरोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या पानासाठी सहा दृश्ये (तीन छायाचित्रे, तीन व्हिडिओ) आणि चार बटणे निवडली. त्यातून 24 जोड्या झाल्या. आलेल्या सुमारे 3 लाख 10 हजार लोकांना त्यांपैकी एकेक जोडी चिठ्ठी टाकल्यासारखी वाटून दिली गेली. म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला साधारण 13 हजार माणसे आली.

प्रचारातल्या मंडळींची पसंती व्हिडिओला होती. प्रत्यक्षात सगळेच व्हिडिओ छायाचित्रांच्या मागे पडले. मूळच्या ‘साइन अप’ पानावर शंभरातल्या 8.26 जणांनी नाव नोंदवले, तर ओबामांचे कुटुंबासोबतचे छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’ हे बटण असलेल्या पानावर 11.6 जणांनी. फरक 3.34 टक्केबिंदूंचा.

हा फरक खरा की योगायोगाचा? पान एकच ठेवून लोकांचे दोन गट केले, तरी दोन्हींचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. असा आपोआप पडणारा फरक किती असू शकतो, ते गणिताने काढता येते. 13 हजारांच्या गटांत त्याचे प्रमाण, म्हणजे प्रमाणत्रुटी, सुमारे 0.37 टक्केबिंदू येते. प्रत्यक्षातला फरक तिच्या नऊपट आहे. साधारणपणे दुपटीच्या पुढे गेले की फरक लक्षणीय मानतात.

हेच टक्के प्रत्येकी 500 लोकांवरून आले असते तर? 41 विरुद्ध 58 नोंदी. डोळ्यांना फरक मोठा दिसतो, पण तिथे प्रमाणत्रुटी 1.9 टक्केबिंदू होते आणि फरक तिच्या दुपटीलाही पोहोचत नाही. अशा वेळी निकाल न लावता थांबणेच योग्य. रोज आकडे पाहत बसून, हवा तो निकाल दिसताच चाचणी बंद करणे हा तर मला यातला सर्वांत घातक मोह वाटतो.

आणखी एक अडचण होती. 24 जोड्या रिंगणात असल्या की एखादी निव्वळ नशिबाने पुढे जाण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून अशा वेळी कसोटी कडक लावावी लागते. नऊपट फरक त्या कसोटीलाही उतरतो.

मग प्रचारप्रमुखांना साध्या भाषेत काय सांगायचे? “नवे पान लावा. दर शंभर जणांमागे अडीच ते चार नोंदी जास्त मिळतील असा अंदाज आहे. मात्र अनेकांतून निवडलेल्या विजेत्याचा आकडा थोडा फुगलेला असतो, म्हणून खालच्या टोकाचा हिशेब धरा.” या बदलामुळे सुमारे 6 कोटी डॉलरच्या जादा देणग्या मिळाल्या, असा अंदाज पुढे मांडला गेला. पण चाचणीत मोजल्या होत्या त्या नोंदी. देणग्यांचा आकडा त्यांच्यावरून, पुढची सगळी गणिते तशीच राहतील असे धरून काढलेला आहे.